रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत स्क्रोलबार का येतात?

मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपची सुरुवात १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीपासून झाली. तेव्हा पडदे साधारण एकाच घनतेचे होते आणि विंडोज ९६ डीपीआय गृहीत धरून चाले. त्यामुळे क्लायंट, म्हणजे आपल्यासमोरचा संगणक, जोडणी करताना होस्टला, म्हणजे पलीकडच्या संगणकाला, फक्त रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये सांगत असे. होस्ट तेवढ्या मापाचा डेस्कटॉप तयार करी, आणि सेशन सुरू असेपर्यंत ते माप बदलत नसे.

स्क्रोलबारचे मूळ या न बदलणाऱ्या मापात आहे. समजा, १३६६×७६८ च्या लॅपटॉपवर तुम्ही त्याच मापाचे सेशन पूर्ण पडद्याऐवजी खिडकीत उघडले. खिडकीची शीर्षकपट्टी आणि टास्कबार यांनी उंची खाल्ली, म्हणून उभा स्क्रोलबार आला. त्या स्क्रोलबारने थोडी रुंदी व्यापली, म्हणून आडवाही आला. होस्टवर काहीच बिघडलेले नसते, पण लोक तासन्‌तास तिथल्याच सेटिंग्ज तपासत बसतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे .rdp फाइलमधली ही ओळ:

```
smart sizing:i:1
```

यात क्लायंट आलेले चित्र खिडकीच्या मापाला ताणतो किंवा आक्रसतो. स्क्रोलबार जातात, पण होस्टचे रिझोल्युशन तेच राहते आणि बारीक अक्षरे धूसर होतात.

दाट पिक्सेलचे पडदे आले तेव्हा खरी अडचण झाली. ३८४०×२१६० चा लॅपटॉप १५० टक्के स्केलिंगवर असेल आणि होस्ट विंडोज ७ असेल, तर क्लायंट सगळे पिक्सेल मागतो, पण स्केलिंगचा आकडा त्या होस्टला कळतच नाही. मग मेनू आणि आयकॉन मुंगीएवढे दिसतात.

२०१३ साली विंडोज ८.१ बरोबर आलेल्या आवृत्तीने हे बदलले. आता क्लायंट रिझोल्युशनसोबत स्केलिंगचा टक्काही कळवू लागला, आणि चालू सेशनमध्ये नवे माप पाठवण्याची सोयही प्रोटोकॉलमध्ये आली. त्यासाठी फाइलमध्ये `dynamic resolution:i:1` ठेवावे आणि `smart sizing:i:0` करावे, म्हणजे जुने चित्र ताणण्याऐवजी होस्ट नव्या मापाचा डेस्कटॉप आखतो. ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

स्केलिंग मात्र क्लायंटकडूनच येते. सेशनमध्ये शिरून होस्टच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ते बदलायला गेलात, तर तो पर्याय बंद दिसतो. बदल आपल्या लॅपटॉपवर करून पुन्हा जोडावे लागते. होस्ट विंडोज ८.१ असेल, तर तेवढ्यानेही काही भागांचा आकार जुनाच राहतो. तिथे डिस्कनेक्ट पुरत नाही, साइन आउट करून नव्याने लॉगिन करावे लागते. होस्ट विंडोज ७ असेल, तर कमी रिझोल्युशन निवडून पूर्ण पडद्यावर उघडणे हा सोपा मार्ग उरतो:

```
mstsc /v:office-pc
      /w:1920 /h:1080
```

ही आज्ञा एकाच ओळीत लिहावी; `office-pc` च्या जागी आपल्या होस्टचे नाव घालावे. पूर्ण पडद्यासाठी जोडणीनंतर `Ctrl+Alt+Break` दाबावे आणि स्मार्ट सायझिंग चालू ठेवावे, नाहीतर चित्र पडद्याच्या मध्यावर छोटे दिसते. ३८४० च्या पडद्यावर १९२० चे चित्र दोन्ही दिशांना बरोबर दुप्पट होते, म्हणून ते इतर मापांपेक्षा कमी धूसर दिसते.