नरसाळ्याच्या तळाखाली काय होतं?

ग्राहक वस्तूची पहिली ओळख होण्यापासून ती विकत घेण्यापर्यंत कसा पोचतो, याचं सगळ्यात जुनं चित्र म्हणजे नरसाळं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एलियस सेंट एल्मो लुईस यांनी विक्रेत्यांसाठी जी पायऱ्यांची मांडणी केली, तिच्यातून लक्ष, रस, इच्छा आणि कृती हे सूत्र तयार झालं. पुढे त्याला फनेलचा आकार मिळाला: वर पुष्कळ लोक, खाली मोजके गिऱ्हाईक. घरोघरी फिरणाऱ्या विक्रेत्याला एवढं पुरायचं, कारण पावती फाडली की त्याचं काम संपायचं.

विक्रीनंतरचा भाग आधी दिसला तो सेवाक्षेत्राला. वर्षभरात आपले एक कोटी प्रवासी साधारण पाच-पाच कर्मचाऱ्यांना भेटतात आणि प्रत्येक भेट सरासरी 15 सेकंदांची असते, असा हिशेब स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे यान कार्लझोन यांनी 1980च्या दशकात मांडला. 1984मध्ये लिन शोस्टॅक यांनी सेवेचा आराखडा कागदावर आणला. ग्राहकाला दिसणारी कामं रेषेच्या वर, पडद्यामागची खाली. ग्राहकाचा सगळा प्रवास दाखवणाऱ्या आजच्या ‘जर्नी मॅप’ या नकाशातले आडवे पट्टे बरेचसे तिथले आहेत.

सोशल मीडियाने मात्र आकारच बदलला. जपानच्या देन्त्सू या जाहिरात कंपनीने जुन्या सूत्रात ‘शोध’ आणि खरेदीनंतर ‘इतरांना सांगणं’ या पायऱ्या घातल्या. 2009मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने सुमारे 20,000 ग्राहकांच्या अभ्यासावरून नरसाळ्याऐवजी वर्तुळ काढलं. पर्याय पारखण्याच्या टप्प्यावरचे दोन-तृतीयांश संपर्क कंपनीने घडवलेले नसतात. परीक्षणं, ओळखीच्यांचा सल्ला, आधीचा अनुभव असे ते ग्राहकाच्या बाजूचे असतात, हे त्यात दिसलं. म्हणजे एकाची शेवटची पायरी ती दुसऱ्याची पहिली. गोची अशी की नेमका हाच सांधा मोजणीत सापडत नाही.

उदाहरणादाखल घरगुती गोडा मसाला विकणारा एखादा छोटा व्यवसाय घेऊ. 200 ग्रॅमचं पाकीट चौघांच्या घरात साधारण दीड महिना चालतं असं धरा. सून इन्स्टाग्रामवर आमटीची रील पाहते आणि सेव्ह करते. चार दिवसांनी वेबसाइटची लिंक घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकते. सासूबाई विचारतात, “यात दगडफूल आहे का?” नणंद तीच लिंक उघडून ऑर्डर देते.

वेबसाइटच्या अहवालात यातलं काय उमटतं? साधी लिंक व्हॉट्सॅपवरून उघडली तर भेट बहुतेकदा ‘डायरेक्ट’ म्हणून नोंदली जाते, जणू नणंदेने पत्ता स्वतः टाइप केला. भेट कुठून आली हे सांगणारी `utm_source=instagram` ही खूण लिंकला आधीच जोडलेली असेल आणि सुनेने ती जशीच्या तशी पुढे पाठवली, तर सगळं श्रेय इन्स्टाग्रामला जातं. दोन्ही आकडे नीटनेटके दिसतात आणि दोन्ही चूक. म्हणून पानावरच्या ‘शेअर करा’ बटणाची लिंक वेगळी ठेवावी:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=share
```

कॉपी करून पाठवलेल्या लिंका यातूनही निसटतातच. त्यांच्यासाठी ऑर्डरच्या फॉर्मवर एकच प्रश्न ठेवावा: “आमच्याबद्दल कुठून कळलं?” पर्यायांत ‘सोशल मीडिया’ एवढंच लिहू नये, ‘रील पाहिली’ आणि ‘ओळखीच्यांनी पाठवलं’ हे वेगळे हवेत, कारण पहिल्यावर पैसे खर्च होतात आणि दुसरं मसाल्याच्या चवीवर चालतं.

पुढची चूक पुन्हा खरेदीच्या मोजणीत होते. सफारी ब्राउझर 2019पासून पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांतच पुसतो. दीड महिन्यांनी परतलेली नणंद तिथे नवीच पाहुणी ठरते. म्हणून परतणारे ग्राहक वेबसाइटच्या अहवालातून मोजू नयेत. ऑर्डरच्या वहीतल्या मोबाइल नंबरावरून मोजावेत. जानेवारीत पहिल्यांदा घेतलेल्यांपैकी किती जणांनी आपापल्या पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत पुन्हा घेतलं, हे पाहावं. हा आकडा एप्रिल लागल्याशिवाय काढूच नये. फेब्रुवारीअखेर काढला तर 31 जानेवारीच्या ग्राहकाला जेमतेम चार आठवडे मिळालेले असतात आणि त्याचं पाकीट अजून संपलेलंही नसतं.

आठवणीचा संदेशही याच हिशेबाने, पस्तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी जावा. दहाव्या दिवशी गेला तर लोक ब्लॉक करतात. पाकिटावर व्हॉट्सॅपचा क्यूआर छापून त्यात “मसाला संपत आलाय, पुन्हा हवा” असा तयार मजकूर भरला, तर येणारा संदेशच सांगतो की माणूस रीलवरून नाही, स्वयंपाकघरातून आलाय.

दिवाळीतले भेटसंच या मोजणीतून बाजूला काढावे लागतात. तिथे वहीत नंबर पाठवणाऱ्याचा असतो आणि मसाला खाणारं घर दुसरंच. त्या घराने पुढे स्वतःच्या नंबरावरून मागवलं, तरी नकाशावर ते नवं गिऱ्हाईक म्हणूनच उगवतं.