कुंथूनही पोट साफ होत नाही, तेव्हा

“ज्वारीची भाकरी खातो, पाणी भरपूर पितो, रात्री एरंडेल घेतो, तरी कुंथावेच लागते. कोठाच जड असेल ना?”

मराठवाड्यात घरोघरी हेच निदान चालत आले आहे. परंतु मल मऊ असूनही अडत असेल, तर दोष आतड्यात नसून बाहेरच्या वाटेवर असू शकतो. कुंथताना गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल पडायला हवेत. काहींचे मात्र नेमके त्याच वेळी नकळत आवळतात, आणि एरंडेल वाढवून हे सुटत नाही.

समजा, लातूरच्या एका शिक्षिकेला हा त्रास आहे. डॉक्टर गुदद्वारात बोट घालून कुंथायला सांगतात, तेव्हा तिचा स्नायू बोटाभोवती घट्ट होतो. पुढे गुदद्वारातून आत ठेवलेला ५० मिलिलिटर पाण्याचा फुगा तिला एका मिनिटात बाहेर टाकता येत नाही आणि दाबमापन तपासणीतही आवळलेपणा दिसतो. तेव्हा निदान पक्के होते.

यावरचा उपचार म्हणजे बायोफीडबॅक, म्हणजे स्नायूचा दाब डोळ्यांनी पाहत तो सैल सोडायला शिकणे. त्यात गुदद्वारातील सेन्सरने मोजलेला दाब पडद्यावर रेषेने दिसतो. पोटाने श्वास घेऊन हलका जोर देताना ती रेषा खाली कशी आणायची, हे ती शिक्षिका पाहून शिकते आणि मग फुगा बाहेर टाकण्याचा सराव करते. साधारण सहा सत्रांत बहुतेकांना फरक पडतो. आतड्याची गतीच मंद असेल, तर मात्र याचा फारसा उपयोग नाही; आणि मलातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी त्याची तपासणी व्हायला हवी.