पाऊस आणि पिकाचा उतारा : सहसंबंध व समाश्रयण

पाऊस कमीजास्त झाला की पिकाचा उताराही कमीजास्त होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण हे नातं किती पक्कं आहे आणि दर मिलिमीटरमागे उतारा किती बदलतो हे आकड्यात सांगायच्या ह्या दोन पद्धती. सहसंबंध, म्हणजे कोरिलेशन, फक्त जोडी किती घट्ट आहे ते सांगतो. समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन, एक सरळ रेषा देतं, तिच्यात पाऊस घातला की अंदाजे उतारा मिळतो. कृषी पदवीच्या पोरांना सूत्र पाठ असतं पण उत्तराचा अर्थ लागत नाही, म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलंय, सोलापूर भागातली रब्बी ज्वारी आणि सप्टेंबरचा पाऊस.

उगमाबद्दल थोडा घोळ आहे. सरळ रेषा बसवायची लघुतम वर्ग पद्धत लजांद्रने १८०५ मध्ये छापली, गाउसने १८०९ मध्ये छापताना आपण ती आधीपासून वापरतोय असा दावा केला आणि तो वाद पुढे बराच चालला. सहसंबंधाची कल्पना गॉल्टनची, १८८८ ची मानतात, आणि आज आपण वापरतो ते सूत्र कार्ल पिअरसनने १८९६ च्या सुमारास पक्कं केलं. पण पाऊस आणि पीक यांना पहिल्यांदा कोणी जोडलं? काहीजण हा मान इंग्लंडचे हवामानशास्त्रज्ञ नेपिअर शॉ यांना देतात, १९०५ च्या आसपास त्यांनी दाखवलं होतं की शरद ऋतूत पाऊस जास्त झाला तर पुढच्या वर्षी गव्हाचा उतारा घटतो, आणि त्यासाठी एक रेषेचं समीकरणही दिलं होतं, त्यात इंचामागे एकरी साधारण सव्वा बुशेल वजा व्हायचे. दुसरा गट आर. एच. हूकर यांचं नाव घेतो, कारण १९०७ च्या त्यांच्या निबंधात बऱ्याच पिकांचे सहसंबंध रीतसर मोजलेत आणि पाऊस व तापमान एकमेकांत गुंतलेले असतात तेव्हा एकाचा परिणाम बाजूला कसा काढायचा तेही दाखवलंय. पद्धत म्हणून बघायचं तर हूकरचं पारडं जड वाटतं, शॉचं काम आलेख शेजारी ठेवून नजरेने सापडलेल्या नात्यासारखं आहे. संख्याशास्त्रज्ञ फिशरने मग १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड ह्या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतातले गव्हाचे जुने आकडे घेतले आणि वर्षाचा एकूण पाऊस न धरता तो वर्षभरात कसा वाटला गेला ते धरलं. इंग्लंडच्या गव्हाला जादा पाऊस बऱ्याचदा नुकसानीचाच ठरतो असं निघालं, म्हणजे पाऊस वाढला की उतारा वाढणारच हे गृहीत धरायचं कारण नाही, चिन्ह उलटंही येतं. आपल्याकडे भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या हाताखाली सुरू झाला, आणि सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन त्याच दशकातलं.

आता उदाहरण. रब्बी ज्वारी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात आणि पुढे ती काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवरच वाढते, म्हणून तिच्यासाठी वर्षाच्या एकूण पावसापेक्षा पेरणीच्या आधीचा आणि तोंडावरचा पाऊस महत्त्वाचा. खालचे आकडे सरावासाठी बनवलेले आहेत, गणित सोपं यावं म्हणून, कुठल्या खऱ्या वर्षाचे नाहीत. पाऊस मिलिमीटरमध्ये, उतारा हेक्टरी क्विंटलमध्ये.

| वर्ष | पाऊस | उतारा | पावसाचा फरक | उताऱ्याचा फरक | गुणाकार |
|---|---|---|---|---|---|
| पहिलं | ६० | ५ | −८० | −३ | २४० |
| दुसरं | १०० | ६ | −४० | −२ | ८० |
| तिसरं | १४० | ९ | ० | १ | ० |
| चौथं | १८० | ९ | ४० | १ | ४० |
| पाचवं | २२० | ११ | ८० | ३ | २४० |

पावसाची सरासरी १४०, उताऱ्याची ८. फरक म्हणजे त्या वर्षीचा आकडा वजा सरासरी, बस. पाऊस सरासरीच्या खाली असताना उताराही खाली असेल तर ऋण गुणिले ऋण धन येतं, दोन्ही वर असले तरी धन येतं, म्हणून गुणाकारांची बेरीज मोठी धन आली म्हणजे दोघं एकाच दिशेने हलतायत, आणि एक वर असताना दुसरा खाली असेल तर बेरीज ऋण होते. सूत्राचा सगळा जीव ह्या शेवटच्या रकान्यात आहे. इथे बेरीज ६०० आली. पावसाच्या फरकांचे वर्ग करून बेरीज १६०००, उताऱ्याच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २४.

सहसंबंध गुणांक r काढायला ६०० ला, १६००० आणि २४ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचं. वर्गमूळ सुमारे ६१९.७, म्हणून r = ०.९७. हा आकडा −१ ते +१ च्या बाहेर जाऊच शकत नाही, १.३ आला तर सरळ समजायचं की बेरजेत कुठेतरी गडबड झालीय. r ला एकक नसतं, पाऊस इंचात मोजला काय आणि मिलिमीटरमध्ये मोजला काय तोच येतो. r चा वर्ग ०.९४, म्हणजे ह्या पाच वर्षांत उताऱ्यात जो चढउतार दिसतो त्यातला सुमारे ९४ टक्के ही रेषा सांगून जाते. हे टक्के उताऱ्याचे नाहीत, चढउताराचे आहेत, तोंडी परीक्षेत निम्मा वर्ग इथेच अडकतो.

रेषेसाठी उतार b, म्हणजे तिची चढण, काढायचा, ६०० भागिले १६०००, म्हणजे ०.०३७५ क्विंटल. एक मिलिमीटर पाऊस वाढला की हेक्टरी पावणेचार किलो ज्वारी वाढते असा त्याचा अर्थ. मग पाऊस शून्य असताना रेषा जिथे टेकते तो आकडा, a = ८ − ०.०३७५ × १४० = २.७५. समीकरण झालं :

```
Y = 2.75 + 0.0375 X
```

सप्टेंबरमध्ये १६० मिमी पडला तर अंदाज २.७५ + ६ = ८.७५ क्विंटल. पाऊस शून्य घातला तर २.७५ क्विंटल येतात, पण आपल्याकडे ६० च्या खालचं एकही वर्ष नाही त्यामुळे त्या आकड्याला शेतातला अर्थ देत बसू नये, तो फक्त रेषा कुठे टेकते ते सांगतो. आणि X म्हणजे पाऊस, Y म्हणजे उतारा, हे उलटं केलं तर वेगळी रेषा येते, r मात्र तोच राहतो.

एक्सेलमध्ये पाऊस A2 ते A6 आणि उतारा B2 ते B6 मध्ये असेल तर खालच्या ओळी पुरतात, फक्त SLOPE आणि INTERCEPT मध्ये उतारा आधी लिहायचा.

```
=CORREL(A2:A6,B2:B6)
=SLOPE(B2:B6,A2:A6)
=INTERCEPT(B2:B6,A2:A6)
```

आता खरी गंमत. सहावं वर्ष आलं, सप्टेंबरमध्ये ३८० मिमी कोसळला आणि उतारा आला ८ क्विंटल, म्हणजे बरोबर सरासरीइतकाच. नव्याने मांडलं तर पावसाची सरासरी १८० होते, उताऱ्याची ८ च राहते, गुणाकारांची बेरीज पुन्हा ६०० च येते, पण पावसाच्या वर्गांची बेरीज १६००० वरून ६४००० वर जाते. r एकदम ०.४८ वर उतरतो आणि b होतो ०.००९४, पावणेचार किलोचा एक किलोही उरत नाही. एका वर्षाने हे केलं. संबंध निव्वळ योगायोगाचा नाही असं ५ टक्के पातळीवर म्हणायला सहा जोड्यांसाठी r निदान ०.८११ लागतो, म्हणून तक्ता बघणारा विद्यार्थी लिहून मोकळा होतो की पाऊस आणि उतारा यांचा संबंध नाही. हे चूक आहे, आणि चूक कुठे ते कळायला प्रत्येक वर्षाचा खरा उतारा वजा रेषेचा अंदाज काढून पावसाच्या चढत्या क्रमाने लिहायचा : −१.९, −१.२५, +१.४, +१, +२.६, −१.९. दोन्ही टोकांना उणे आणि मधे अधिक. शिल्लक फरक असे गट करून आले की समजावं, नातं आहे पण ते सरळ रेषेचं नाही, वाकलेलं आहे. फरकांची चिन्हं विस्कळीत आली असती तर गोष्ट वेगळी होती.

कारणही शेतातच आहे. भारी काळ्या जमिनीत एवढा पाऊस झाला की वाफसा येत नाही, पाभर चालत नाही, पेरणी लांबते, उशिरा पेरलेली ज्वारी दाणा भरायच्या वेळी ओलीला कमी पडते, आणि जादा पाणी बरंचसं वाहूनच जातं. अशा वेळी काहीजण ते वर्ष अपवाद म्हणून काढून टाकतात. ते बरोबर नाही, ते वर्ष खरं आहे. समीकरणात पावसाचा वर्ग हे आणखी एक पद घालणं बरं, मग रेषेऐवजी वर जाऊन खाली येणारी कमान मिळते, फक्त त्यासाठी सहा वर्षं फार थोडी, वीसपंचवीस तरी हवीत. मिलिमीटरऐवजी पावसाचे दिवस मोजणं हा दुसरा मार्ग, हवामान खात्याच्या हिशोबात २.५ मिमी किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, म्हणजे एका रात्रीत पडलेला १५० मिमी आकडा फुगवत नाही.

वर्षं वाढवली की दुसरी अडचण येते. पंचवीस वर्षांत बियाणं बदललं, खत वाढलं, कुठे विहिरीचं संरक्षित पाणी मिळालं, त्यामुळे पाऊस तोच असला तरी उतारा हळूहळू चढत जातो. आता समजा शेवटची काही वर्षं कोरडी निघाली, तर जास्त उतारा आणि कमी पाऊस एकत्र येतील आणि r ऋण येईल, जणू पावसाने ज्वारीचं नुकसानच होतं. हे टाळायला आधी उतारा आणि वर्ष यांची रेषा बसवावी, तिच्यापेक्षा किती वर किंवा खाली ते घ्यावं आणि त्याचा पावसाशी सहसंबंध काढावा. सोपा मार्ग म्हणजे यंदाचा उतारा वजा गेल्या वर्षीचा, यंदाचा पाऊस वजा गेल्या वर्षीचा, आणि ह्या फरकांची जोडी. दोन्ही मार्गांनी b साधारण सारखा आला तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आकडे कुठले घेतले तेही बघावं लागतं. उतारा बहुतेक वेळा पीक कापणी प्रयोगांवरून काढलेली तालुक्याची किंवा जिल्ह्याची सरासरी असते, आणि पाऊस एखाद्या मंडळाच्या पर्जन्यमापकाचा. सप्टेंबरचा पाऊस तुकड्यातुकड्याने पडतो, एका गावात धो धो आणि शेजारच्या गावात धूळ, त्यामुळे एका मापकाचा आकडा पूर्ण तालुक्याला चिकटवला की r आणि b दोन्ही खऱ्यापेक्षा कमी दिसतात. निदान तालुक्यातल्या सगळ्या मंडळांची सरासरी घ्यावी. उलट बाजूने, जिल्ह्याच्या सरासरीवरून काढलेला b एका शेतकऱ्याच्या माळावरच्या हलक्या रानाला लावता येत नाही, हलक्या जमिनीत ओल टिकतच नाही, तिथे तोच १६० मिमी वेगळा उतारा देतो.