पहारेकरी आधी ऐकू लागले, विसरायला नंतर शिकले

चोरपावलांनी खेळायच्या गेममध्ये आपल्या हातून काहीतरी पडतं, पहारेकरी थबकतो, आवाजाच्या दिशेने येऊन बघतो आणि काही सापडलं नाही की पुन्हा गस्तीला लागतो. हे आज गृहीत धरलं जातं. पण त्रिमितीय गेममध्ये या साखळीचे तुकडे एकदम जन्मले नाहीत. आवाज नकाशात पसरवायची युक्ती आधी सापडली. त्या आवाजाचा माग काढून शांतपणे परत फिरणारा पहारेकरी त्यानंतर काही वर्षांनी आला.

१९९२ च्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’मध्ये नकाशा विभागांत वाटलेला होता. दोन विभागांमधलं दार उघडं असेल तर ते विभाग जोडलेले, बंद असेल तर तुटलेले. खेळाडूने गोळी झाडली की त्याच्या विभागाशी जोडलेल्या सगळ्या विभागांतले सैनिक सावध होत. लेव्हल बनवणाऱ्याने ‘बहिरे’ ठरवून ठेवलेले काही सैनिक तेवढे याला अपवाद होते.

१९९३ च्या ‘डूम’ने हीच कल्पना पुढे नेली. आवाज एका सेक्टरमधून शेजारच्या सेक्टरमध्ये पाण्यासारखा भरत जाई. पूर्ण बंद दार लागलं की थांबे. शिवाय लेव्हल बनवणारा एखाद्या रेषेवर ‘आवाज अडव’ अशी खूण करू शके. १९९७ च्या अखेरीस खुल्या झालेल्या सोर्स कोडमध्ये हा भाग असा आहे:

```
if (line->flags & ML_SOUNDBLOCK)
{
    if (!soundblocks)
        P_RecursiveSound (other, 1);
}
else
    P_RecursiveSound (other, soundblocks);
```

म्हणजे खुणेची पहिली रेषा आवाज ओलांडतो, दुसरी नाही. दोन रेषा मारल्या की त्यांच्यापलीकडची खोली सुरक्षित. एवढ्याशा नियमावर लेव्हल बनवणाऱ्यांनी कितीतरी दबा धरलेले हल्ले रचले, आणि मला आजही या कोडची काटकसर थक्क करते.

पण यात अंतराचा हिशेब नव्हता. वाट मोकळी असेल तर नकाशाच्या दुसऱ्या टोकालाही आवाज तितकाच जोरात पोचे. पावलांचा आवाज राक्षसांना ऐकूच येत नसे, आणि हवेत नुसता ठोसा मारला तरी तो गोळीइतकाच मोठा धरला जाई, कारण सगळी शस्त्रं एकाच फंक्शनमधून चालत. खरी अडचण याहून खोल होती. आवाज पोचलेल्या सेक्टरमध्ये `soundtarget` म्हणून काय साठवलं जाई? आवाज कुठे झाला ते ठिकाण नाही, कधी झाला ती वेळही नाही; थेट आवाज करणारा खेळाडू. ती नोंद पुसलीही जात नसे. त्यामुळे जागा झालेला राक्षस सरळ खेळाडूच्या मागे लागे आणि खेळाडू जिवंत असेपर्यंत त्याचा पिच्छा सहसा सोडत नसे. ज्याला कोण आहे हे आधीच ठाऊक आहे, त्याने शोधायचं तरी काय? तपासाला जागाच उरत नाही.

ही कोंडी १९९८ साली फुटली, आणि एकाच वर्षात तीन वेगळ्या गेममध्ये. ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये भिंतीवर टकटक केली की पहारेकऱ्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह येई आणि तो ती जागा बघायला जाई, दिसलात तर शोध सुरू, आणि तो शोध पडद्यावरच्या उतरत्या आकड्यांनी हळूहळू निवळे. ‘हाफ-लाइफ’मध्ये प्रत्येक आवाज ही स्वतंत्र नोंद झाली: उगमाची जागा, आवाजाची पोच आणि तो कधी बाद होणार ती वेळ. मात्र पोच सरळ रेषेत मोजलेली होती, मध्ये भिंत असली तरी.

‘थीफ’ बनवणाऱ्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने पसरण्याचा आणि विसरण्याचा प्रश्न एकत्र सोडवला. लेव्हल बनवणारा नकाशावर खोल्यांचे अदृश्य ठोकळे आखत असे. दोन ठोकळे जिथे भिडतात तिथे आवाजाची वाट तयार होई आणि आवाज त्या वाटांनीच जाई. दाराला आवाज किती टक्के अडवायचा हेही ठरवता येई. फरशी आणि लोखंड वाजतं, गालिचा आणि गवत पाऊल गिळतं.

याने काय बदलतं ते एका उदाहरणात पाहू. आकडे समजण्यापुरते माझे आहेत. पहारेकरी ओसरीत आहे, तुम्ही भिंतीपलीकडच्या कोठारात. सरळ रेषेत अंतर ३ मीटर, पण दारातून बाहेर पडून बोळाने वळून गेलं तर १८ मीटर. फरशीवरच्या पावलाची पोच १२ मीटर धरू. सरळ रेषेच्या हिशेबाने पहारेकरी भिंतीआडून धावत येतो आणि खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं. वाटेच्या हिशेबाने त्याला काहीच ऐकू येत नाही. आता हातून घडा फुटला, पोच २५ मीटर: आवाज पोचला, पण जेमतेम ७ मीटरचा जोर उरलेला. म्हणून पहारेकरी धावत सुटत नाही. आधी थबकतो, काहीतरी पुटपुटतो, मग बघायला निघतो.

ही पायरी ‘थीफ’मध्ये सावधपणाच्या पातळ्यांनी येई: बेफिकीर, किंचित संशय, जास्त संशय आणि पूर्ण सावध. नवीन काही ऐकू आलं नाही तर पातळी सावकाश खाली उतरे. एकदा शिगेला पोचलेला पहारेकरी उतरून कुठवर शांत होईल, याचीही मर्यादा लेव्हल बनवणारा घालू शके. त्यामुळे शोध घेऊन परतलेला माणूस पुन्हा चालू लागला तरी पूर्वीइतका गाफील नसे. पुटपुटणं हा केवळ रंग भरायचा भाग नव्हता. पहारेकरी कोणत्या पातळीवर आहे हे अंधारात दडलेल्या खेळाडूला कानानेच कळायचं, आणि मदतीची हाक त्याच वाटांनी दुसऱ्या पहारेकऱ्यापर्यंत जायची.

आजची इंजिनं यातलं थोडंच आयतं देतात. अनरिअलमधली ऐकण्याची सोय मुळात सरळ अंतरावर चालते. भिंतीचा विचार गेम बनवणाऱ्याने स्वतः करायचा. ऐकलेलं किती काळ ध्यानात ठेवायचं त्यासाठी तिथे `MaxAge` आहे, पण उतरत जाणाऱ्या पातळ्या आपण रचायच्या. युनिटीत बरेच जण `NavMesh.CalculatePath` वापरून चालायच्या वाटेची लांबी काढतात आणि तिलाच आवाजाची वाट मानतात. यात दोन खड्डे आहेत. उघड्या खिडकीतून आवाज जातो पण माणूस चालत जात नाही, म्हणून खिडकीखालचा पहारेकरी विनाकारण बहिरा होतो. दुसरं, वाट अर्धवट सापडली, म्हणजे स्थिती `PathPartial` आली, तरी कोपऱ्यांची बेरीज करून एक लांबी मिळतेच, आणि ती खऱ्यापेक्षा कमी असू शकते. कुलूपबंद खोलीतला आवाज बाहेरच्याला नेमका ऐकू येऊ लागला, तर आधी इथे बघावं.

परतीच्या वाटेवरची चूक ओळखणं आणखी सोपं आहे. दोन पहारेकरी एकमेकांभोवती घुटमळत राहिले आणि गस्तीला जाईनात, तर तपासाला निघालेल्या एकाची पावलं दुसऱ्याला संशयास्पद वाटताहेत आणि प्रत्येक पावलागणिक दोघांचीही पातळी पुन्हा वर चढते आहे. आवाजाच्या नोंदीत जागा आणि वेळेबरोबर तो कोणत्या गटाचा हेही लिहिलं की हा फेरा तुटतो.