निबंधाचे गठ्ठे हाती येण्याआधी: परीक्षकांची नमुना तपासणी कशी होते?

एकाच निबंधाला एक परीक्षक सढळ हाताने गुण देतो, तर दुसरा हात आखडतो. यामुळे उमेदवारांवर अन्याय होऊ नये म्हणून मुख्य परीक्षकाने काय करावे, हे सर्वोच्च न्यायालयाने संजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग या २००७ च्या निकालात सविस्तर सांगितले आहे. आधी नमुना उत्तरपत्रिका तपासायच्या, मग बैठकीत फरकांवर चर्चा करून निकष ठरवायचे आणि त्यानंतरच खरी तपासणी सुरू करायची, असा तो क्रम आहे.

कागदपत्रे: प्रत्येकाकडे प्रश्नपत्रिका, कोणत्या मुद्द्याला किती वजन याचा तक्ता आणि त्याच नमुना निबंधांच्या, तपासणीच्या खुणा नसलेल्या छायाप्रती हव्यात. त्यांवर बैठक क्रमांक किंवा आधीचे गुण दिसता कामा नयेत. नमुन्यात मधल्या दर्जाचेच निबंध घेतले तर मतभेद बाहेर येत नाहीत. विषय सोडून भरकटलेला, भाषा सुंदर पण आशय तोकडा आणि अक्षर वाईट पण विचार पक्का, असे निबंध मुद्दाम घ्यावेत.

बैठकीला येण्यापूर्वीच प्रत्येकाने एकट्याने गुण देऊन एका ओळीत कारण लिहायचे असते. याला सूट देऊ नये. बैठकीत ज्येष्ठांनी आधी आकडा सांगितला की बाकीचे त्याच्याच आसपास गुण देतात आणि खरा फरक झाकला जातो.

परीक्षकाची पात्रता कशी ठरवायची? समजा निबंध १२५ गुणांचा आहे आणि मुख्य परीक्षकाने चार निबंधांना ८८, ७८, ६२ आणि ५४ गुण दिले. पहिल्या परीक्षकाने ८०, ७०, ५४, ४६ दिले. तो सगळीकडे आठ गुणांनी कडक आहे, पण निबंधांचा क्रम त्याला बरोबर दिसला. निकषांवर चर्चा झाली की असा परीक्षक सहसा जुळवून घेतो.

दुसऱ्याने ८०, ८६, ५४, ६२ दिले. त्याची सरासरी मुख्य परीक्षकाइतकीच, ७०.५ आहे. नुसती सरासरी पाहणारा त्याला लगेच पात्र ठरवेल, पण त्याने पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन निबंधांचा आपसांतला क्रम उलटवला आहे. सरसकट गुण वाढवून किंवा घटवून ही चूक सुधारत नाही. म्हणून तुलना निबंधागणिक करावी. या परीक्षकाची कारणे वाचून तो कशाला भुलतो ते शोधावे, आशय की अलंकारिक भाषा, आणि नवा नमुना संच तपासायला द्यावा. तो जुळेपर्यंत गठ्ठा देऊ नये.

एवढ्याने एकसारखेपणाची हमी मिळत नाही, हे न्यायालयानेही नोंदवले आहे. म्हणून काही उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर मुख्य परीक्षक प्रत्येकाच्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो आणि गरज असेल तर त्या परीक्षकाने दिलेल्या गुणांचे नियमन करतो.