सुवर्ण गुणोत्तर आणि चेहऱ्याची मापे: पोर्ट्रेट काढून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

चेहऱ्याची लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण १.६१८, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर, असले की तो चेहरा सर्वांत सुंदर, असा एक समज आहे. स्वतःच्या सेल्फीवर ॲपने काढलेला हा आकडा दाखवून, किंवा तो आला नाही म्हणून खट्टू होऊन, काही ग्राहक आमच्याकडे येतात आणि छायाचित्रात चेहरा त्या प्रमाणात बसवून देण्याची विनंती करतात. असे मोजमाप चेहऱ्यापेक्षा मोजण्याच्या पद्धतीविषयीच अधिक सांगते, म्हणून हे माहितीपत्रक.

एका रेषेचे असे दोन असमान भाग केले, की संपूर्ण रेषा मोठ्या भागाच्या जितकी पट आहे तितकीच पट मोठा भाग लहान भागाच्या आहे, तर ती पट सुमारे १.६१८ येते. हे झाले सुवर्ण गुणोत्तर. भूमितीत त्याची व्याख्या नेमकी आहे. चेहऱ्यावर मात्र रेषा कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे मोजणाराच ठरवतो. समजा, एका चेहऱ्याची लांबी केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत १८.६ सेंमी आणि गालाच्या हाडांपाशी रुंदी १३.२ सेंमी आहे, गुणोत्तर १.४१ आले. लांबी डोक्याच्या माथ्यापासून २२ सेंमी धरली, तर त्याच चेहऱ्याचे गुणोत्तर १.६७ होते. चेहऱ्यावर वीस खुणा घेतल्या तर त्यांच्यातील १९० अंतरांच्या १७,९५५ जोड्या होतात, आणि इतक्यांत काही गुणोत्तरे १.६१८ च्या जवळ येणारच.

आमच्या व्यवसायातील माणसाला याहून अधिक खटकते ते कॅमेऱ्याचे अंतर. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि चेहरा सपाट नसतो. ढोबळ हिशेबासाठी केसांची कड व हनुवटी नाकाच्या शेंड्यापासून ३ सेंमी मागे आणि गालांच्या कडा ८ सेंमी मागे आहेत असे धरू. फोन नाकापासून ३० सेंमीवर असेल, तर लांबी ३३ सेंमी अंतरावरून टिपली जाते आणि रुंदी ३८ सेंमीवरून. त्यामुळे रुंदी तुलनेने आक्रसते आणि मघाचे १.४१ हे छायाचित्रात १.६२ होते. कॅमेरा १५० सेंमीवर नेला की तेच १.४६ च्या आसपास उतरते. म्हणजे ॲपने ज्याला सुवर्ण ठरवले, ते हाताच्या लांबीचे माप होते! लेन्स बदलून हा फरक जात नाही, कारण तो केवळ अंतरामुळे पडतो.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर वेळी एकाच स्त्रीच्या चेहऱ्यातील अंतरे कमीजास्त करून लोकांची पसंती विचारली गेली. डोळे ते तोंड हे अंतर चेहऱ्याच्या लांबीच्या सुमारे ३६ टक्के आणि दोन डोळ्यांमधील अंतर रुंदीच्या सुमारे ४६ टक्के असताना चेहरा सर्वाधिक आवडला. ही प्रमाणे सुवर्ण गुणोत्तराची नव्हेत, तर सरासरी चेहऱ्याची होती. तीही गोऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवरून काढलेली असल्याने सर्वांना लावता येत नाहीत.

आम्ही पोर्ट्रेट किमान दीड मीटर अंतरावरून काढतो आणि कोणत्याही गुणोत्तरासाठी चेहरा ताणत अथवा दाबत नाही. आपली जुनी सेल्फी सोबत आणल्यास दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून नाक व कानांच्या आकारातील फरक आम्ही दाखवू.