एक कार्बन वाढवायचा जुना रस्ता : सायनोहायड्रिनची पार्श्वभूमी

बारावीची परीक्षा जवळ आली की पुण्यातल्या शिकवण्यांमध्ये 'कन्व्हर्जन्स'ची वही बाहेर निघते. प्रश्नात एक कार्बन वाढलेला दिसला रे दिसला, की मुलांचा हात आपोआप KCN लिहितो. नायट्राइलचं हायड्रॉलिसिस केलं की आम्ल, रिडक्शन केलं की अमाइन, हे सगळ्यांना पाठ असतं. ते पुन्हा सांगत बसत नाही. अल्डिहाइड किंवा कीटोनला हायड्रोजन सायनाइड जोडला की होणाऱ्या सायनोहायड्रिनच्या वाट्याला वहीत मात्र दोन ओळी येतात, आणि इतिहासात खरी कामगिरी तर त्याचीच आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकता येतो. कडू बदामाच्या अर्कापासून मँडेलिक आम्ल 1830च्या सुमारास मिळालं होतं. सात कार्बनचं बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइडमधला एक कार्बन, असा त्याचा हिशेब. 1840च्या दशकाच्या अखेरीस इथाइल सायनाइड अल्कलीत उकळून तीन कार्बनचं प्रोपिऑनिक आम्ल मिळालं आणि नायट्राइलवरून आम्लाकडे जाता येतं हे पक्कं झालं. 1850 मध्ये एका जर्मन रसायनज्ञाला दोन कार्बनच्या ॲसिटाल्डिहाइडपासून लॅक्टिक आम्ल करायचं होतं. मिश्रणात अमोनियाही असल्यामुळे हाती आलं ॲलानिन. अमिनो आम्लं बनवण्याची एक रीतच त्यातून सुरू झाली.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती 1885 नंतरची पाच वर्षं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांचं सूत्र एकच, C₆H₁₂O₆. फरक नेमका कुठे आहे, हे ठोसपणे दाखवता येत नव्हतं. तेव्हा एकाने दोन्ही साखरांवर हायड्रोजन सायनाइडची क्रिया केली. सायनाइडचा कार्बन फक्त कार्बोनिल कार्बनलाच चिकटतो, म्हणजे तो जिथे बसेल तिथे मुळात C=O होता. मिळालेल्या सायनोहायड्रिनचं हायड्रॉलिसिस केलं, की –CN चा –COOH होतो आणि ती खूण कायमची होते. राहता राहिले बाकीचे सगळे –OH. ते हायड्रोआयोडिक आम्ल आणि लाल फॉस्फरस यांच्यासोबत तापवून काढून टाकले, म्हणजे मागे नुसता सांगाडा उरला.

ग्लुकोजपासून मिळालं सात कार्बनचं सरळ साखळीचं हेप्टॅनॉइक आम्ल. नवा कार्बन टोकाला बसला, म्हणजे कार्बोनिल पहिल्या कार्बनवर, म्हणजे ग्लुकोज हे अल्डिहाइड. फ्रुक्टोजपासून मिळालं 2-मिथाइलहेक्सॅनॉइक आम्ल. कार्बन इथेही सातच, पण साखळीला फांदी फुटलेली. नवा कार्बन दुसऱ्या कार्बनवर बसला आणि मूळचा पहिला कार्बन मिथाइल होऊन बाजूला राहिला. म्हणून फ्रुक्टोज हे कीटोन. स्पेक्ट्रम नाही, क्ष-किरण नाहीत. दोन आम्लं ओळखली आणि प्रश्न सुटला. पाठोपाठ हीच युक्ती ॲराबिनोजवर वापरली तेव्हा सहा कार्बनचं आम्ल आलं, आणि सहा कार्बनची समजली जाणारी ती साखर पाचच कार्बनची असल्याचं उघड झालं.

पुढचं पाऊल 1890च्या आसपासचं. साखरेपासून आम्लापर्यंत जाता येत होतं, पण पुन्हा साखरेकडे वळायचं कसं? मोकळं आम्ल सोडियम अमाल्गमला दाद देत नाही. त्याचा लॅक्टोन, म्हणजे आम्लातून पाणी जाऊन झालेलं वलयी एस्टर, मात्र देतो. थंड आणि किंचित आम्लधर्मी पाण्यात लॅक्टोनचं रिडक्शन अल्डिहाइडवर थांबवता येतं. ते पुढे सरकलं तर अल्कोहोल होऊन बसतं आणि साखर हातची जाते. या रीतीने आठ-नऊ कार्बनच्या साखराही बनल्या. एक गुंता मात्र राहतोच. नवा कार्बन बसला की जुन्या कार्बोनिलच्या जागी नवं असममित केंद्र तयार होतं, त्यामुळे उत्पादनं दोन येतात. ॲराबिनोजपासून आधी मॅनोनिक आम्लच हाती लागलं होतं. त्याच मिश्रणात ग्लुकोनिकही आहे हे नंतर दिसलं.

आता वादाचा मुद्दा: सायनाइड जोडण्याची ही क्रिया आम्लात करायची की अल्कलीत? हायड्रोजन सायनाइड स्वतः आम्ल, तेव्हा आम्लाने मदत व्हावी, असं वरकरणी वाटतं. जुन्या कृतींमध्ये मात्र अमोनियाचे थेंब घातलेले आढळतात. 1903 मध्ये इंग्लंडमधल्या एका रसायनज्ञाने कॅम्फरक्विनोन हे पिवळं संयुग घेतलं. सायनाइड जोडला गेला की त्याचा रंग जातो, त्यामुळे क्रियेचा वेग डोळ्यांना दिसतो. नुसत्या हायड्रोजन सायनाइडसोबत पिवळेपणा तासन्‌तास टिकला, खनिज आम्लाने आणखी रेंगाळला, आणि अल्कलीचा अंश घालताच झपाट्याने गेला. म्हणजे हल्ला करतो तो HCN चा रेणू नव्हे, CN⁻ हा आयन. आयन आधी जोडला जातो, प्रोटॉन मागाहून येतो. क्रियेतल्या पायऱ्यांचा विचार या शास्त्रात अशा साध्या रंगाच्या प्रयोगातून सुरू झाला, हे पाठ्यपुस्तकांनी अजून पुरेसं मानलेलं नाही.

अल्कली भरपूर घातली तर आणखी फायदा होईल, असं समजू नये. क्रिया उलटीही चालते. अल्कलीने सायनोहायड्रिनचा प्रोटॉन काढून घेतला की ते सायनाइड सोडून पुन्हा अल्डिहाइड होतं. म्हणूनच साध्या नायट्राइलचं हायड्रॉलिसिस अल्कलीत उकळून करता येतं आणि अमोनियाचा वास थांबला की काम झालं असं समजतं, पण मँडेलोनायट्राइल, म्हणजे बेंझाल्डिहाइडचं सायनोहायड्रिन, याच्यासाठी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लच लागतं. साम्यावस्थेची मर्यादाही आहेच: अल्डिहाइड आणि ॲसिटोन सायनाइडला सहज राजी होतात, ॲसिटोफेनोन कुरकुरतं, बेंझोफेनोन जवळजवळ नकारच देतं.

उलट्या क्रियेचा नमुना आपल्या स्वयंपाकघरातही आहे. जवसात ॲसिटोनचं सायनोहायड्रिन साखरेला बांधलेलं असतं, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्यातही. कंद ठेचला की त्यातल्या विकरांमुळे साखर सुटते, मागे राहिलेलं सायनोहायड्रिन मोडतं आणि हायड्रोजन सायनाइड निघून जातो. साबुदाण्याच्या कारखान्यात कंद किसून धुण्याने हेच साधतं.

नायट्राइलपासून अमाइन देणाऱ्या रिडक्शनची कहाणी नावांनी गुंतलेली आहे. आपल्या पुस्तकांत मेंडियस रिडक्शन म्हणजे सोडियम आणि इथेनॉल. 1862 चं मूळ काम जस्त आणि आम्ल वापरून झालेलं होतं. सोडियम-अल्कोहोलची रीत नंतरची. परीक्षेत पुस्तकातलंच लिहावं, हे ओघाने आलंच. प्रत्यक्ष कामात निकेल उत्प्रेरक आणि हायड्रोजन वापरताना वेगळीच अडचण येते. अर्धवट रिडक्शनने झालेल्या इमाइनवर तयार झालेलं अमाइन तुटून पडतं आणि द्वितीयक अमाइनची भेसळ होते. त्यासाठी सुरुवातीलाच अमोनिया घालतात. 1947 मध्ये लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड आल्यावर लहान प्रमाणातल्या कामासाठी ही कटकट बरीच कमी झाली.

1970च्या दशकात साखरेचा जुना रस्ता पुन्हा वापरात आला. सायनोहायड्रिनवरून आम्ल, लॅक्टोन आणि अमाल्गम अशी वळणं घेण्याऐवजी पॅलेडियम-बेरियम सल्फेटवर नायट्राइलचंच रिडक्शन इमाइनपर्यंत करायचं. पाण्यात ते आपोआप अल्डिहाइड होतं. सायनाइड कार्बन-13 चा घेतला, तर ॲराबिनोजपासून पहिल्याच कार्बनवर खूण असलेला ग्लुकोज मिळतो, आणि शरीरात त्या कार्बनचं काय होतं याचा एनएमआरने माग काढता येतो. सोबत मॅनोजही येतोच. तो आजही कॉलमवर वेगळा करावा लागतो.